सकाळी साडेनऊची रांगदा

बालीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, बारोंगचा नाच त्याने बघितलेला असतोच. आपल्याकडून जाणाऱ्या सहलींत तर तो ठरलेलाच. सकाळी हॉटेलवरून गाडी निघते, साडेनऊच्या सुमाराला बटुबुलान नावाच्या गावात थांबते, तिकीट घेतलं की हातात गोष्टीचा सारांश छापलेला कागद मिळतो. तासाभराचा खेळ. मग चांदीची दुकानं, मग लाकडी कोरीवकामाची दुकानं, मग जेवण. परत आल्यावर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "काय संस्कृती जपलीय हो त्यांनी!" दुसरे म्हणतात, "छे, सगळं टुरिस्टांसाठी बसवलेलं, नकली." मला आज या दोघांशीही थोडं भांडायचंय. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांशी जास्त.

आधी तो खेळ म्हणजे काय ते बघू. बारोंग हा सिंहासारखा, केसाळ, दोन माणसांनी आतून चालवायचा प्राणी, गावाचा राखणदार. त्याच्यासमोर रांगदा, लांब जिभेची, सुळ्यांची, पांढऱ्या जटांची. कागदावर छापलेली गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते, कारण तिच्यात कुंती आहे आणि सहदेव आहे. कुंतीने सहदेवाला रांगदेला बळी द्यायचं कबूल केलेलं असतं, शिव येऊन सहदेवाला अमर करतो, पुढे बारोंग आणि रांगदेची झुंज होते. शेवटी बारोंगच्या बाजूची माणसं क्रिस म्हणजे नागमोडी खंजीर स्वतःच्याच छातीवर टेकवून जोर लावतात आणि त्यांना काही होत नाही. आपल्या महाभारतात हा प्रसंग शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. तो तिथला आहे.

आता गंमत अशी की गावात देवळाच्या कामासाठी रांगदा बाहेर निघते तेव्हा बहुतेक वेळा ही गोष्ट नसतेच. तिथे असते चालोनारांगची कथा, राजा ऐरलंगच्या काळातल्या एका मांत्रिक विधवेची. तो खेळ रात्री होतो, अनेकदा स्मशानाजवळच्या देवळापुढे, आणि त्यात काळ्या शक्तींना चक्क बोलावणं असतं. हे रोज सकाळी साडेनऊला करता येत नाही. करू नये, अशी तिथल्या लोकांची समजूत आहे. म्हणून पर्यटकांसाठी कुंतीची गोष्ट घेतली, वेळ कमी केला, सुरुवातीला माकडाचे विनोद घातले.

आणि मुखवटे बदलले. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. देवळातला मुखवटा पुले नावाच्या झाडाच्या लाकडाचा असतो. लाकूड चांगला दिवस बघून काढतात, आणि मुखवटा तयार झाल्यावर त्याचा 'पासुपती' नावाचा विधी होतो. आपण मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतो ना, तसंच समजा. त्यानंतर ती वस्तू राहत नाही. ती कापडात गुंडाळून देवळात ठेवतात, नैवेद्य दाखवल्याशिवाय बाहेर काढत नाहीत. रोजच्या खेळासाठी लागतो तो मुखवटा दिसायला तसाच, पण पासुपती न केलेला. म्हणजे नकली? बघणाऱ्याला हवं तर नकली म्हणा. पण गावाच्या बाजूने पाहिलं तर ती एक भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे तिकीट, पलीकडे देव.

मात्र ही भिंत काही अभेद्य नाही. या रोजच्या खेळांतही आधी नैवेद्य ठेवतात, पुजारी तीर्थ शिंपडतो. कारण खंजीरवाल्या प्रसंगात अभिनय करता करता एखाद्याच्या अंगात खरंच येऊ शकतं. समोर बसलेल्याला यातला फरक कळत नाही, तो फोटो काढत असतो.

डीन मॅककॅनेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एक लेख लिहिला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. पर्यटकाला समोरचा रंगमंच पुरत नाही, त्याला विंगेत डोकवायचं असतं, 'खरं' जीवन बघायचं असतं. ही मागणी ओळखून मग विंगसुद्धा सजवून दाखवली जाते. याला तो मांडलेला अस्सलपणा म्हणतो. बटुबुलानचा खेळ यात नीट बसत नाही, कारण तिथे कुणी विंग दाखवतच नाही. सरळ रंगमंच आहे, खुर्च्या आहेत, तिकीट आहे. म्हणून मला तो खेळ प्रामाणिक वाटतो.

बालीच्या लोकांनी ही भिंत विचार करून, भांडून बांधली. 1969 मध्ये तिथला विमानतळ जेट विमानांसाठी खुला झाला आणि पर्यटक वाढू लागले. 1971 मध्ये डेनपासार शहरात विद्वान, कलाकार, अधिकारी असे सगळे जमले. प्रश्न एकच होता, कोणता नाच विकायचा आणि कोणता नाही. आता बघा, मिशेल पिकार हा फ्रेंच अभ्यासक दाखवून देतो की 'पवित्र' आणि 'लौकिक' असा भेद करायला बालीच्या भाषेत आयते शब्दच नव्हते, ते युरोपीय भाषांतून उसने घ्यावे लागले. नाच देवांसाठी, पितरांसाठी आणि गावकऱ्यांसाठी एकाच वेळी असायचा. आपल्याकडे जत्रेतलं दशावतारी नाटक धर्म की करमणूक, असं कोकणातल्या एखाद्या आजोबांना विचारून बघा, ते तुमच्याकडेच बघत राहतील. तसंच हे. तरी त्या बैठकीने तीन खण पाडले. वाली म्हणजे विधीचाच भाग असलेले नाच, बेबाली म्हणजे विधीसोबत चालणारे, आणि बालिह-बालिहान म्हणजे नुसते बघायचे. 2015 मध्ये युनेस्कोने बालीची नृत्यं अमूर्त वारशाच्या यादीत घातली, तीही याच तीन खणांत. पर्यटक आले म्हणून आखलेली रेघ आता वारशाचाच भाग झाली आहे!

रेघ टिकली का? पेंडेट नावाच्या नाचाचं उदाहरण घेऊ. पेंडेट म्हणजे देवळात मुली आणि बायका फुलं-नैवेद्य घेऊन देवांचं स्वागत करतात तो नाच. त्याचंच सुबक रूप पाहुण्यांच्या स्वागतासाठी वापरायला लागले. देवाचं स्वागत ते पर्यटकाचं कसं, अशी कुरकुर झाली. म्हणून पान्येम्ब्रामा हा वेगळा स्वागतनाच बसवला गेला, खास पाहुण्यांसाठी. हालचाली पेंडेटच्या, पण देवाशी संबंध नाही. झालं काय, तर हा नाच सुंदर होता, शाळांतून शिकवला जाऊ लागला, मुलींना तोच चांगला येऊ लागला. आणि मग देवळाच्या उत्सवात त्या पान्येम्ब्रामा करू लागल्या. पर्यटकांसाठी वेगळा काढलेला नाच चालत देवळात गेला. पिकारने हे नोंदवलंय. यात काही बिघडलं असं मला वाटत नाही, देवळाने तो स्वीकारला. पण उलट दिशेची ये-जाही थांबली नाही. 2019 मध्ये तिथल्या सरकारला आणि धार्मिक संस्थांना पुन्हा एकत्र येऊन पवित्र नृत्यं देवळाबाहेर करायला मनाई करावी लागली. पहिल्या बैठकीनंतर 48 वर्षांनी!

आता या सगळ्यात तिथे राहणाऱ्यांचं काय होतं? नाचणारा माणूस तोच असतो. देवळात नाचतो तेव्हा त्याला 'न्गायाह' म्हणतात, म्हणजे बिनमोबदल्याची सेवा, गावकरी म्हणून द्यायचीच. मंचावर नाचतो तेव्हा मानधन मिळतं, पण तिकिटाच्या पैशातून आणणाऱ्या गाइडचा आणि ड्रायव्हरचा वाटा आधी निघतो. अनेक ठिकाणी उरलेला पैसा गावाच्या सामाईक पेटीत जातो, त्यातून वाद्यं येतात, देवळाची दुरुस्ती होते. म्हणजे रंगमंच देवळाला पोसतोसुद्धा. पण 2020 मध्ये विमानं थांबली तेव्हा मंच बंद पडले. देवळांचे वार्षिकोत्सव, जे तिथल्या पंचांगाप्रमाणे 210 दिवसांनी येतात, ते कमी माणसांत का होईना, होत राहिले. सेवा कशासाठी आणि पोट कशावर, हे तेव्हा अगदी वेगळं दिसलं.

माझी खरी काळजी बटुबुलानची नाहीच. ती तीर्त एम्पुलची आहे. दहाव्या शतकातलं झऱ्याचं देऊळ, 2012 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या सुबाक भूप्रदेशातलं. सुबाक म्हणजे शेतकऱ्यांची पाणीवाटपाची संघटना, आणि या झऱ्याचं पाणी पुढे भाताच्या खाचरांना जातं. कुंडात दगडी मुखांतून धारा पडतात, भाविक एकेका धारेखाली डोकं धरतात. काही धारा मृतांच्या विधींसाठी राखलेल्या, त्यांच्याखाली जिवंत माणसाने जायचं नसतं. आज त्या कुंडात परदेशी पाहुण्यांची रांग असते. शुद्धीस्नानाचं पॅकेज मिळतं, त्यात नेसायचं वस्त्र, नैवेद्य, वाटाड्या सगळं आलं. काठावर फोटो काढणारा उभा असतो. आणि घरच्या विधीसाठी आलेलं गावातलं कुटुंब त्याच रांगेत उभं राहतं.

इथे भिंत नाही. पाण्याचा वेगळा मुखवटा करता येत नाही. नाचाच्या बाबतीत 'हे तुमच्यासाठी, ते आमच्यासाठी' म्हणता आलं, कारण दुसरा नाच बसवता आला. 'मला शो नको, मला खरं बघायचंय' म्हणणारा चोखंदळ प्रवासी, जो बसवाल्यांना हसतो, तोच या रांगेत असतो. बसवाले तासाभरात उठून चांदीच्या दुकानात जातात, गावाची सकाळ मोकळी होते. चोखंदळ माणूस मात्र कुंडात उतरतो, अंत्यविधीच्या मिरवणुकीत कॅमेरा घेऊन शिरतो. बालीत अंत्यविधीचीसुद्धा पर्यटकांत जाहिरात होते, हे ऐकून मला पहिल्यांदा कसंसंच झालं होतं.

जाणार असाल तर दोन गोष्टी. बटुबुलानचा खेळ लाजत लाजत बघू नका, नाटक म्हणून बघा. ढोलावर हात ठेवून बसलेल्याकडे लक्ष द्या, नाचणाऱ्याच्या हालचालीबरोबर तो ताल कसा बदलतो ते दिसेल. आणि एखाद्या गावात देवळाचा उत्सव लागला आणि कुणी आपणहून बोलावलं, तर लुंगीसारखं वस्त्र आणि कमरेला शेला बांधून जा, पुजाऱ्यापेक्षा उंच जागी बसू नका, मोबाइल खिशात ठेवा. बारोंग किती वाजता येणार असं विचारलंत तर नक्की उत्तर मिळणार नाही. अकराला येईल, एकला येईल. तोवर शेजारची मुलं पेंगत असतात, बायका नैवेद्याच्या टोपल्या लावत असतात, आणि तुमच्याकडे कुणी फारसं बघत नाही.