उशीर कोणाचा, भुर्दंड कोणाला?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा गोषवारा)



आपल्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम आता निघणार आहे, म्हणून अध्यक्षांनी मला कराराबद्दल बोलायला सांगितलं. मी बरीच वर्षं कंत्राटदारांकडे प्रोजेक्ट मॅनेजर होतो. तेव्हा माझीच एक चूक सांगतो.

२०२० साली याच भागात साठ लाखांचं बांधकाम होतं. काम लांबलं तर दर आठवड्याला अर्धा टक्का, म्हणजे तीस हजार रुपये कापायचे, पण एकूण दहा टक्क्यांच्या वर नाही, असं कलम होतं. यालाच लिक्विडेटेड डॅमेजेस म्हणतात. आम्ही बारा आठवडे लांबलो. म्हणजे कपात तीन लाख साठ हजार!

मी हिशेब मांडला. चार आठवडे जिन्याचं ड्रॉइंग मालकाकडून उशिरा आलं. पाच आठवडे मजूर ऊसतोडीला गेले. आणि १४ ऑक्टोबरच्या अतिवृष्टीनंतर भीमेला पूर आला, त्यात तीन आठवडे गेले.

ड्रॉइंगचे चार आठवडे माफ झाले, कारण मागणीची पत्रं फाइलला होती. ऊसतोडीचे नाही झाले. श्रीपुरात गळीत हंगाम दरवर्षी येतो. जे आधीच माहीत आहे ते फोर्स मेजर होत नाही. नेहमीच्या पावसाचंही तसंच.

पुराचे तीन आठवडे मात्र खरे होते, तरी गेले. करारात लिहिलं होतं की घटनेपासून चौदा दिवसांत लेखी कळवायचं. मी फोनवर सांगितलं आणि पत्र दिलं १० नोव्हेंबरला. आठ आठवड्यांचे दोन लाख चाळीस हजार कापले गेले. त्यातले नव्वद हजार निव्वळ माझ्या पत्राचे.

आता आपण मालकाच्या खुर्चीत आहोत. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कलमात 'दंड' लिहिलं म्हणून सगळी रक्कम आपोआप मिळत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाई देतं. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ प्रकरणात सांगितलं. म्हणून दर ठरवतानाच हिशेब करा: काम एक आठवडा लांबलं तर सोसायटीचं नेमकं किती जातं?

दोन, कलम ५५ बघा. वेळ महत्त्वाची ठरलेली असताना मुदत उलटल्यावर काम गुपचूप ताब्यात घेतलं, तर पुढे भरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच 'भरपाईचा हक्क राखून' असं पत्र द्या. आणि रंग किंवा फरशी निवडायला आपणच महिना लावला, तर तो महिना कंत्राटदाराच्या खात्यात टाकू नका.

साइटवर एक डायरी ठेवा, रोज दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. माझे नव्वद हजार तिथेच वाचले असते.