नाव नसलेल्यांची यादी वेगळी कशी काढायची?

(शिरढोण, ता. पनवेल येथे मतदार नोंदणीचे काम करणाऱ्या तरुणांसमोर केलेले भाषण)



घरोघर जाऊन आपण जी माहिती गोळा करतो, ती गूगल शीट्समध्ये एकाच पानावर भरतो. त्या पानाचं नाव ‘यादी’. त्यात सहा रकाने आहेत: अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, मोहल्ला, स्थिती आणि नोंद. स्थितीच्या रकान्यात तीनच गोष्टी येतात. मतदार यादीत ‘नाव आहे’, ‘नाव नाही’, किंवा नाव आहे पण ‘चूक’ आहे. नाव नसेल तर फॉर्म ६ भरायचा, चूक असेल तर फॉर्म ८. म्हणजे कामाच्या दृष्टीने आपल्याला दोन वेगळ्या याद्या हव्यात.

बरेच जण फिल्टरचं बटण दाबून हे करतात. पण फाइल सगळ्यांची एकच आहे. एकाने फिल्टर लावला की बाकीच्यांच्याही ओळी दिसेनाशा होतात. म्हणून मूळ यादीला हात न लावता नवीन पान घ्या, त्याला ‘फॉर्म ६’ नाव द्या, पहिल्या ओळीत रकान्यांची शीर्षकं लिहा आणि A2 या चौकोनात हे टाका:

```
=FILTER('यादी'!A2:F, 'यादी'!E2:E="नाव नाही")
```

पहिला भाग सांगतो काय आणायचं, दुसरा सांगतो कुठल्या अटीवर. दोन्हीकडे सुरुवात दुसऱ्या ओळीपासूनच हवी. एकीकडे A2 आणि दुसरीकडे E1 लिहिलं तर लांबी जुळत नाही आणि उत्तराऐवजी चूक येते. सूत्र फक्त A2 मध्ये असतं, खालच्या सगळ्या ओळी ते स्वतः भरतं. अटीत बसणारं कोणीच नसेल तर `#N/A` दिसतं. ते पाहून घाबरू नका. फॉर्म ८ साठी दुसरं पान करा आणि अटीत "चूक" लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या पानावर काहीही लिहू नका. समजा, तिसऱ्या ओळीत इम्रान आहे आणि शेजारच्या G रकान्यात तुम्ही लिहिलंत, ‘फॉर्म भरला’. दुसऱ्या दिवशी मूळ यादीत इम्रानच्या वर असलेल्या रुखसानाची स्थिती कोणीतरी ‘नाव नाही’ अशी केली. लगेच ती तिसऱ्या ओळीत आली आणि इम्रान चौथ्या ओळीत सरकला. पण तुमचं ‘फॉर्म भरला’ तिसऱ्याच ओळीत राहिलं. आता ते रुखसानासमोर दिसतं. तिच्या घरी पुन्हा कोणी जाणार नाही, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर तिला कळेल की आपलं नाव नाही. पडद्यावर मात्र कुठलीही चूक दिसत नाही.

A ते F मध्ये लिहिलंत तर निदान कळतं. सूत्राची वाट अडते, सगळी यादी गायब होते आणि A2 मध्ये `#REF!` येतं. मध्ये लिहिलेलं पुसलं की यादी परत येते.

म्हणून नोंद नेहमी मूळ यादीतच, अनुक्रमांक शोधून, F रकान्यात करायची. तिथे लिहिलेलं सूत्र त्याच माणसाबरोबर इकडे आणतं. आणि फॉर्म भरला म्हणून स्थिती बदलू नका. अर्ज देणं वेगळं, नाव लागणं वेगळं. मतदार यादीत नाव डोळ्यांनी पाहिल्यावरच ‘नाव आहे’ करा. तेव्हा ती ओळ ‘फॉर्म ६’मधून आपोआप निघून जाईल.

दुसरा धोका लिहिण्यातला आहे. कोणी ‘नाव नाही’च्या शेवटी चुकून एक मोकळी जागा सोडतो, कोणी नुसतं ‘नाही’ लिहितो. आपल्याला अर्थ कळतो, सूत्राला कळत नाही. ते अक्षर न् अक्षर जुळवतं आणि न जुळलेला माणूस गुपचूप गळतो. मोकळ्या जागेवर उपाय आहे:

```
=FILTER('यादी'!A2:F, TRIM('यादी'!E2:E)="नाव नाही")
```

पण त्याहून चांगलं म्हणजे स्थितीच्या रकान्यात ड्रॉपडाउन लावा. मग हाताने लिहायचं कामच उरत नाही.

तरीही रोज रात्री बेरीज करा. समजा मूळ यादीत १२० माणसं आहेत. ‘नाव आहे’ ८४, ‘फॉर्म ६’च्या पानावर २१ आणि ‘फॉर्म ८’च्या पानावर १३. बेरीज होते ११८. राहिलेले दोघे कुठल्याच यादीत नाहीत. एकाची स्थिती रिकामी असेल, दुसऱ्याची वेगळ्या शब्दांत लिहिलेली असेल. मूळ यादीत स्थितीचा रकाना वरून खाली वाचला की ते सापडतात. ते सापडेपर्यंत त्या दिवसाचं काम संपलं असं धरू नका.

शेवटी, एक्सेल वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. हे सूत्र एक्सेल २०२१ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये चालतं, २०१९ मध्ये नाही. तिथे `A2:F` असं उघडं टोक चालत नाही, `A2:F500` असं शेवटच्या ओळीपर्यंत लिहावं लागतं, आणि अटीतही तोच आकडा हवा.

आता लॅपटॉप उघडा, आपापल्या मोहल्ल्याची यादी घ्या आणि आधी बेरीज करून बघू या.