शब्द कुठे तोडायचा?



अध्यक्षपदावरून मी आज मुख्यतः एकाच वाक्याबद्दल बोलणार आहे. ते चिनी आहे आणि सात अक्षरांचे आहे. उच्चार साधारण असा: फिंग-फांग-छ्यू-फाय-माय-वान-ल.

चिनी लिहिताना दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आपल्या मोडीतही सोडत नसत, त्यामुळे जुनी दप्तरे वाचणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचे. इथे पहिली तीन अक्षरे मिळून ‘टेबल टेनिसचा चेंडू’ होतो. चौथे ‘फाय’ त्यांना जोडले, तर ‘टेबल टेनिसची बॅट’ होते. पण तेच ‘फाय’ पुढच्या ‘माय’ला, म्हणजे ‘विकणे’ला जोडले, तर ‘लिलाव करणे’ हा शब्द तयार होतो. म्हणजे ‘बॅटी विकून संपल्या’ किंवा ‘चेंडूंचा लिलाव होऊन गेला’. व्याकरणाला दोन्ही मान्य. बोलणारा मध्ये किंचित थांबला, तर कानाला लगेच कळते. कागदावर तो थांबा नसतो.

चिनी मजकूर तोडण्याची जुनी यांत्रिक रीत सोपी होती. शब्दकोश घ्यायचा आणि डावीकडून सुरुवात करून जुळेल तो सर्वांत लांब शब्द उचलायचा. या वाक्यात त्या रीतीने ‘बॅट’ मिळते. उजवीकडून सुरुवात केली, तर ‘लिलाव’ मिळतो. दोन्ही उत्तरे वेगळी आली, की जागा संशयाची समजायची आणि कमी तुकडे होतील ती बाजू घ्यायची. इथे दोन्हीकडे चारच तुकडे पडतात. मग पुढचा नियम लागतो: एकाक्षरी तुकडे कमी असतील ते बरोबर. ‘बॅट’च्या बाजूला असे तुकडे तीन, ‘लिलावा’च्या बाजूला दोन. नियम लिलावाला कौल देतो.

आजची भाषांतर यंत्रे असा शब्दकोश उघडून बसत नाहीत. प्रचंड मजकुरातून ती अक्षरांच्या जोड्या आणि त्यांचे शेजार शिकतात, आणि आजूबाजूची वाक्ये दिसली तर पुष्कळदा बरोबर ठरतात. पण आपल्या कामात मजकूर अनेकदा वाक्यावाक्याने, तक्त्याच्या एकेका ओळीत यंत्राकडे जातो. शेजारच तोडला, तर यंत्राने निर्णय कशावर करायचा?

एका चिनी बालकथेचा यंत्राने केलेला मराठी मसुदा माझ्याकडे संपादनाला आला होता. मुलगा दुकानात जातो आणि दुकानदार म्हणतो, ‘टेबल टेनिसच्या चेंडूंचा लिलाव संपला.’ वाक्य गुळगुळीत होते, लिंग-वचन चोख. मी त्यावरून पुढे गेलेसुद्धा. चार ओळींनंतर मुलगा घरी येऊन जुन्या बॅटचे निघालेले रबर चिकटवत बसतो, तिथे मी अडखळले. चेंडू मिळाले नाहीत म्हणून कोणी बॅट का दुरुस्त करील? शिवाय गल्लीतल्या दुकानात लिलाव कसला? मग मूळ पान उघडले, सात अक्षरांवर पेन्सिलीने दोन्ही प्रकारे रेघा मारून पाहिल्या आणि चूक सापडली.

अशी चूक वाक्यात दिसत नाही, ती दोन वाक्यांच्या मध्ये दिसते. म्हणून माझा आग्रह आहे की मसुदा पहिल्यांदा मुळाशी न ताडता, निव्वळ गोष्ट म्हणून वाचावा. कारण आणि परिणाम जिथे जुळत नाहीत, तिथे खूण करावी आणि मूळ मजकूर नंतर उघडावा. ओळीला ओळ लावून तपासणारा संपादक यंत्राच्याच वाटेने चालतो.

दुसरी खूण म्हणजे आगंतुक माणूस. नानचिंगचा यांगत्से नदीवरचा पूल 1968 साली खुला झाला. ‘नानचिंग शहर, यांगत्सेचा मोठा पूल’ ही चिनी अक्षरे एक घर सरकवून तोडली, की ‘नानचिंगचे महापौर च्यांग ता-छ्याओ’ उभे राहतात. ‘शहर’ आणि पुढचे अक्षर मिळून ‘महापौर’ होते, तर ‘नदी’ हे अक्षर च्यांग हे खरेखुरे आडनावही आहे. चिनी वाचकांमध्ये हे उदाहरण प्रसिद्ध आहे, तरी कमी प्रसिद्ध नावांत तीच फसगत होत राहते. मसुद्यात एखादा अधिकारी एकदाच येऊन काही न करता नाहीसा झाला, तर तो माणूस आहे की पूल, हे मुळात जाऊन पाहावे.

आणि काही वेळा शेजारही मदत करत नाही. ते सात अक्षरांचे वाक्य पाटीवर एकटेच असते, तर मलाही सांगता आले नसते. मराठीत दोन्ही अर्थ झाकून ठेवायची सोय नाही. ‘विकून संपल्या’ की ‘लिलाव झाला’ हे लिहावेच लागते. तेव्हा मी अंदाजाने निवडत नाही. समासात लिहिते: ‘बॅट की चेंडू? लेखकाला विचारावे.’ आणि उत्तर येईपर्यंत ते पान छपाईला सोडत नाही.