सहा अक्षरांचं खोड

(आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय मीच निवडायचा आहे. बँकेत काम केलेली बाई म्हणजे हिशेबावर बोलणार, असं काहींना वाटलं असेल. एका अर्थी ते खरंच आहे. मी आज स्क्रॅबलबद्दल बोलणार आहे.

आधी एक कबुली देते. मी मराठी माध्यमातली. आजही कोणी फोनवर भराभर इंग्रजी बोलायला लागलं की मी ‘वन मिनिट’ म्हणून फोन सुनेकडे देते. त्यामुळे क्लबरूममध्ये स्क्रॅबलचा डाव आला, तेव्हा पहिली दोन वर्षं मी फक्त चहा करायचं काम केलं. इंग्रजी शब्दांचा खेळ, तिथे आपलं काय काम? मग एकदा चौथा भिडू कमी पडला आणि नातीने मला ओढून बसवलं. मी हरले, आणि नुसती नाही, दीडशेच्या वर गुणांनी हरले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नात माझ्यापेक्षा फार वेगळे शब्द लावत नव्हती. तिने फक्त दोन वेळा हातातल्या सातही टाइल्स एकदम पटावर लावल्या होत्या. सात टाइल्स एकदम लावल्या की शब्दाच्या गुणांवर आणखी ५० गुण मिळतात. त्याला बिंगो म्हणतात. दोन बिंगोंचे १०० गुण, आणि मी कुठे गेले ते कळलं.

आता हे बिंगो नशिबाने पडतात असं मला वाटायचं. नात म्हणाली, ‘‘आजी, नशीब नाही गं. माझ्याकडे स्टेम होतं.’’ स्टेम म्हणजे खोड. सहा अक्षरं अशी धरून ठेवायची, की सातवं अक्षर पिशवीतून जवळजवळ कुठलंही आलं तरी सात अक्षरांचा शब्द व्हावा. तिने मला पहिलं खोड सांगितलं: टी, आय, एस, ए, एन, ई. जुळवलं तर त्याचा ‘टिझॅन’ होतो, म्हणजे आपला काढा. काढा म्हटल्यावर ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं.

मी घरी येऊन ते तपासलं. काढ्याला डी लावा, ‘इन्स्टेड’ होतो. जी लावा, ‘सीटिंग’. के लावा, ‘इन्टेक्स’. एम लावला तर ‘इन्मेट्स’, व्ही लावला तर ‘नेटिव्ह्ज’, यू लावला तर ‘आँटीज’. (इथे मागच्या रांगेतून हशा आला होता.) झेडसारखं अवघड अक्षर आलं तरी ‘झेनिएस्ट’ होतो. आर आला तर एक नाही, आठ-नऊ शब्द होतात. काही अक्षरांना मात्र फारच अनोळखी शब्द लागतात. एफला ‘फेनेस्ट’, एचला ‘स्थेनिया’. ते पाठच करावे लागतात. क्यू आणि वाय आले तर काही होत नाही.

आता हिशेब. संपूर्ण डावात १०० टाइल्स असतात, त्यात दोन कोऱ्या. आपल्या हातात काढ्याच्या सहा आहेत, म्हणजे बाहेर ९४ राहिल्या. त्यातला क्यू एक, वाय दोन, आणि जे एक. जे घालून होणारा शब्द मी धरतच नाही. चार वजा केल्या. ९४ पैकी ९० टाइल्सपैकी कुठलीही आली तरी बिंगो! हे कळल्यावर मी खरंच कपाळावर हात मारून घेतला. दोन वर्षं मी चहा करत होते.

मग प्रश्न पडला, हे खोड कोणी शोधलं आणि कसं? रीत अगदी आपल्या खतावणीसारखी आहे. सात अक्षरांचा एक शब्द घ्या, समजा ‘पेंटर’, म्हणजे पी-ए-आय-एन-टी-ई-आर. त्यातलं एक अक्षर काढा. पी काढला तर सहा उरतात. ती सहा अक्षरं वर्णक्रमाने लावा: ए, ई, आय, एन, आर, टी. हे झालं खातं. त्या खात्यात ‘पी’ अशी नोंद करा. मग पी परत ठेवून ए काढा, ते दुसरं खातं. असं एका शब्दाच्या सात खात्यांत सात नोंदी होतात. सगळे सात अक्षरी शब्द असे चढवले, की कुठल्या खात्यात किती वेगवेगळी अक्षरं नोंदली गेली ते पाहायचं. वर्णक्रम महत्त्वाचा, कारण अक्षरं आपल्या हातात शब्दाच्या क्रमाने येत नाहीत. खोड स्वतः शब्द असलंच पाहिजे असंही नाही. पण शब्द असला की लक्षात ठेवायला बरं.

मी जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर शंभरेक शब्द हाताने चढवले. पुढचं काम नातीने संगणकावर केलं, कारण सात अक्षरी शब्द वीस हजारांच्या वर आहेत आणि माझी बोटं एवढी नाहीत. पण हाताने केल्याने एक चूक टळली. मला आधी वाटलं होतं, ज्या खात्यात सगळ्यांत जास्त शब्द ते खोड चांगलं. तसं नाही. काढ्याला आर लावून नऊ शब्द होतात, पण पिशवीतून आर आला नाही तर त्या नवांचा काय उपयोग? मोजायची ती अक्षरं, शब्द नव्हे. आणि अक्षरंही सारखी नाहीत. बाहेर ओ आठ असतात आणि के एकच. म्हणून प्रत्येक अक्षराला त्याच्या टाइल्सच्या संख्येचं वजन द्यायचं. एकाच अक्षराचे बरेच शब्द असले तर फायदा होतो तो वेगळा: पटावर बसवायला जागा शोधताना पर्याय मिळतात.

आता ही खोडं का चालतात? या खेळाचा निर्माता आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतला बेकार झालेला आर्किटेक्ट. त्याने १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून कुठली टाइल किती ठेवायची ते ठरवलं. म्हणून ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, आर, एन, टी सहा-सहा. फक्त एस चार, कारण एस जास्त असता तर कोणीही अनेकवचनं लावत सुटलं असतं. म्हणजे काढ्यातली पाच अक्षरं भरपूर मिळणारी आणि एस मोलाचा.

पण नुसती भरपूर मिळणारी अक्षरं पुरत नाहीत. आय, ई आणि ओ या सगळ्या एकदम हातात आल्या तर काय होतं ते खेळलेल्यांना माहीत आहे. काढ्यात तीन स्वर आणि तीन व्यंजनं आहेत, आणि एकही अक्षर दोनदा नाही. त्याहून मोठं कारण इंग्रजीच्या प्रत्ययांत आहे. ई-एस-टी हा ‘सर्वांत’ दाखवणारा प्रत्यय त्यात सापडतो. उरलेल्या तीन अक्षरांपुढे एक जोडलं की ‘व्हेनेस्ट’सारखा शब्द उभा राहतो. एस शेवटी गेला तर अनेकवचन. ‘इन्मेट्स’, ‘नेटिव्ह्ज’, ‘आँटीज’ हे सगळे त्याच दारातून आले. मराठीत आपण ‘घर’ला ‘घरात, घराला, घराचा’ असे प्रत्यय लावतो, तसंच ते; फरक एवढाच, की तिथे प्रत्ययाची अक्षरं हातात आधीच धरून बसायची. ‘सटायर’ हे दुसरं खोड एन ऐवजी आर घेतं. मग ई-आर-एस हा प्रत्यय मिळतो आणि डब्ल्यू आला की ‘वेटर्स’ होतो. एफ आला की ‘फेअरेस्ट’.

तिसरं खोड ‘रेटिना’, म्हणजे डोळ्यातला पडदा. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हाही माझ्या लक्षात आहे. त्यात एस नाही, त्याऐवजी आर आहे, बाकी पाच अक्षरं काढ्याचीच. पिशवीत एस चार, आर सहा. म्हणजे रेटिनाची सहा अक्षरं हातात येण्याची शक्यता काढ्याच्या दीडपट. सातव्या अक्षराला मात्र रेटिना काढ्याइतकं उदार नाही. ‘पेंटर’, ‘सर्टन’, ‘ट्रेन्ड’, ‘ग्रॅनाइट’, ‘मिनरेट’, असे चांगले शब्द होतात. पण व्ही किंवा वाय आला तर बोंब. ज्या खोडाने जास्त अक्षरं पचतात ते क्वचित येतं आणि जे सहज येतं ते निवडक असतं, हे मला फार दिवस पटत नव्हतं. मी सगळीकडे काढाच शोधत बसायचे.

आणि खोड धरून बसण्याचा तोटाही सांगते, तो मी स्वतः भोगला आहे. मागच्या वर्षी सोसायटीच्या स्पर्धेच्या अंतिम डावात माझ्या पट्टीवर रेटिना आणि एक व्ही आला. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द या खेळात नाहीच, त्यामुळे तो एकटा खपवता येत नाही. ‘व्हाय’ वगैरे लावून खपवला असता तर आय आणि ई गेले असते आणि खोड मोडलं असतं. मी एक चाल सोडून व्ही परत पिशवीत टाकला. शून्य गुण. पिशवीतून आला ओ. रेटिनाला ओ लावून मला ओळखीचा सात अक्षरी शब्द येत नव्हता. मी पट्टीकडे बघत बसले. पुढे परत चाल सोडायची की दोन अक्षरांचं काहीतरी लावायचं? मी छोटा शब्द लावला, नातीने पुढच्या चालीत बिंगो केला आणि ढाल तिच्याकडे गेली.

रात्री जेवताना ती म्हणाली, ‘‘आजी, पटावर सी मोकळा होता ना. डावीकडे तीन घरं, उजवीकडे चार. तू बघितलाच नाहीस.’’

मी ताट बाजूला सारून पट्टी मागवली. आर, ई, ए, मग पटावरचा सी, मग टी, आय, ओ, एन. रिअ‍ॅक्शन. सातही टाइल्स माझ्याच, आठवं अक्षर पटावरचं, आणि पन्नास गुणही मिळाले असते. ओला नुसत्या सात अक्षरांत जागा नसते, पण टी-आय-ओ-एन हा प्रत्यय तोच आणतो. म्हणून त्याला पटावरच्या एका अक्षराचा आधार लागतो. डी मोकळा असता तर ‘रॅशन्ड’ झाला असता, एल असता तर ‘रिलेशन’ किंवा ‘ओरिएंटल’.

तेव्हापासून माझ्या रजिस्टरमध्ये रेटिनाच्या खात्याखाली ओचं एक वेगळं पान आहे. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला क्लबरूम उघडी असते. ए विंगमधल्या काकांना अजून एक भिडू हवा आहे, आणि चहा आता आळीपाळीने होतो.