ठरलेला अर्थ नसलेले पत्ते

टॅरो हा शब्द आता आपल्या कानांना ओळखीचा झाला आहे. त्याच्याच शेजारी, दुकानाच्या त्याच फळीवर, ‘ओरॅकल’ नावाचे पत्तेही दिसतात. दोन्हींवर चित्रं असतात, दोन्ही पिसून मांडायचे असतात. त्यामुळे पुष्कळांना ते एकच वाटतात. पण त्यांचं वाचन अगदी वेगवेगळ्या तऱ्हेनं करावं लागतं.

टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला, तो खेळायचे पत्ते म्हणून. भविष्य सांगण्यासाठी त्याचा वापर रूढ झाला तो अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. त्याचे पत्ते अठ्ठ्याहत्तर. त्यांतले छप्पन्न आपल्या इस्पिक-बदामसारखे चार रंगांत विभागलेले, आणि उरलेले बावीस स्वतंत्र चित्रांचे. आज सर्वाधिक परिचित असलेला संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यात तीन तलवारींनी विंधलेलं हृदय आलं, की जाणकार ‘मनाला लागलेली जखम’ असंच काहीसं म्हणणार. कारण प्रत्येक पत्त्याला अर्थाची परंपरा आहे.

ओरॅकलमध्ये अशी सामाईक परंपरा नाही. संच करणारा ठरवेल तितके पत्ते. चव्वेचाळीस पुष्कळदा आढळतात, पण तो नियम नव्हे. रंग नाहीत, आकडे नाहीत. एका संचात कासव म्हणजे धीर, तर दुसऱ्यात घर. सोबतच्या पुस्तिकेतला अर्थ हे त्या लेखकाचं मत. मग ती बाजूला ठेवली, तर वाचायचं कशाच्या आधारानं?

आधार तीन. पहिला प्रश्न, दुसरा जागा आणि तिसरा खुद्द चित्र. पत्ते पिसण्यापूर्वीच प्रश्न कागदावर लिहायचा. किती पत्ते काढायचे आणि कुठल्या जागेवरचा पत्ता कशाबद्दल बोलेल, हेही आधीच ठरवायचं. पत्ता उलटल्यावर अर्थ सांगायची घाई करायची नाही. चित्रात जे आहे तेवढंच आधी मोठ्यानं सांगायचं.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकच्या एका बाईंना बढती मिळते आहे, पण त्यासाठी नागपूरला जावं लागणार. घरी वयस्कर आई आहे. ‘जाऊ का नको?’ हा प्रश्न इथे चालत नाही, कारण चित्र हो-नाही म्हणत नाही. त्या लिहितात, ‘हा निर्णय घेताना माझ्या नजरेतून काय सुटतं आहे?’ जागा तीन ठरतात: मला काय खेचतंय, काय अडवतंय आणि आधी काय करावं. अडवणाऱ्या जागेवर येते काठाला बांधलेली होडी.

पुस्तिका कदाचित ‘विश्रांती घ्या’ म्हणेल. बाई मात्र चित्र सांगू लागतात. पाणी संथ आहे. वल्हं होडीतच आहे. माणूस नाही. दोर काठावरच्या खुंटाला बांधलाय. इथे वाचणाऱ्यानं एवढंच विचारायचं, ‘हा दोर कुणी बांधला?’ बाई थबकतात. आईला एकटं राहणं जमणार नाही, हे त्यांनीच धरून चाललं होतं. आईला विचारलंच नव्हतं. आधी काय करावं, याचं उत्तर तिसरा पत्ता उलटण्यापूर्वीच मिळालं. होडीनं भविष्य सांगितलं नाही, राहून गेलेला प्रश्न तेवढा समोर आणला.

आता यातला धोका. ठरलेले अर्थ नसले की कुठल्याही पत्त्यावर काहीही बसवता येतं. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एक मजकूर दिला. तो ‘तुमच्याशी किती जुळतो’ असं विचारलं, तेव्हा पाचांपैकी सरासरी चारांहून अधिक गुण पडले. मजकूर सगळ्यांना एकच होता! ‘तुम्ही वरून खंबीर, आतून हळवे’ असलं वाचन म्हणूनच कुणालाही पटतं.

ते ओळखायची एक साधी कसोटी आहे. होडीच्या जागी खिडकीतला दिवा आला असता, तर तुम्ही हेच बोलला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर तुम्ही पत्ता वाचलाच नाही. मनात होतं ते बोललात. दिव्यानं ‘आत कोण वाट पाहतंय?’ असा निराळाच प्रश्न विचारायला हवा होता.

दुसरी चूक म्हणजे नको तो पत्ता आला की पुन्हा पिसणं. एका प्रश्नाला एकच मांडणी. तारीख घालून वाचन लिहून ठेवावं आणि महिन्याभरानं पाहावं, म्हणजे आठवण सोयीस्कर बदलत नाही. आणि आजार, औषध, कोर्टकचेरी यांचे प्रश्न पत्त्यांपुढे ठेवूच नयेत. चित्राला फक्त तुमच्याच मनातलं विचारता येतं. रक्ताच्या तपासणीत काय निघेल, ते त्याला ठाऊक नसतं.