व्हेंडर निवडताना आकडे खोटं कसं बोलतात?

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे, व्हेंडर इव्हॅल्युएशन रिपोर्ट. पण माझा पहिला रिपोर्ट फायनान्सच्या सरांनी परत पाठवला होता, आणि तेव्हा जे कळलं ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तेच सांगतो.

आमच्या अ‍ॅपसाठी ओटीपीचे एसएमएस पाठवणारी कंपनी निवडायची होती. तीन कोटेशन आली. त्यांना अ, ब आणि क म्हणूया. कंपनीची डीएलटी नोंदणी आहे की नाही, याला आम्ही गुण ठेवले नव्हते. ती अटच होती. नसेल तर बाहेर. गुण फक्त तीन गोष्टींना होते: ओटीपी वेळेत पोचणं ५० टक्के, किंमत ३० टक्के आणि सपोर्ट २० टक्के. हे वजन कोटेशन मागवतानाच सगळ्यांना कळवलं होतं. इथपर्यंत ठीक.

ओटीपीसाठी प्रत्येकाकडून टेस्ट मेसेज पाठवून पाहिले. शंभरपैकी अ ला ५०, ब ला ८०, क ला ९०. सपोर्टमध्ये अ ६०, ब ७०, क ९०. आता किंमत. एका एसएमएसला अ १२ पैसे, ब १५ आणि क २० पैसे घेणार होते. प्रश्न असा, की पैशांचे गुण कसे करायचे? मी शीटमध्ये हे टाकलं:

```
=MIN(B$2:B$4)/B2*100
```

म्हणजे सगळ्यात कमी किंमत भागिले त्या कंपनीची किंमत. अ ला १००, ब ला ८०, क ला ६०. वजन लावून बेरीज केली तर अ ६७, ब ७८, क ८१. क जिंकली! मी खुशीत रिपोर्ट पाठवला.

सरांनी बोलावलं. म्हणाले, "अरे, हा फॉर्म्युला कधी ठरवलास? पाकिटं उघडायच्या आधी की नंतर?"

मी गप्प. नंतर ठरवला होता.

मग त्यांनी माझ्यासमोर दुसरा फॉर्म्युला टाकला. तोही लोक सर्रास वापरतात. स्वस्ताला १००, सगळ्यात महागाला शून्य, बाकीचे मध्ये:

```
=(MAX(B$2:B$4)-B2)/(MAX(B$2:B$4)-MIN(B$2:B$4))*100
```

किंमतीचे गुण झाले अ १००, ब ६२.५ आणि क शून्य. एकूण बेरीज अ ६७, ब ७२.७५, क ६३. म्हणजे तीच कोटेशन, तेच वजन, आणि पहिली आलेली क थेट शेवटची! मी मुद्दाम काही केलं नव्हतं. पण ब च्या माणसाने विचारलं असतं, तर ते सिद्ध कसं करणार होतो?

दुसऱ्या फॉर्म्युल्यात अजून एक गोची आहे. समजा चौथी कंपनी येते आणि ६० पैसे सांगते. तिला कुणी घेणार नाही. पण आता सगळ्यात महाग ती झाली, त्यामुळे क चे किंमतीचे गुण शून्यावरून ८३ वर जातात आणि क पुन्हा ब च्या पुढे! ज्याला निवडायचंच नाही, त्याच्यामुळे निकाल फिरतो. पहिल्या फॉर्म्युल्यात महाग कोटेशनमुळे असं होत नाही, कारण तो फक्त सगळ्यात कमी किंमत बघतो. सरकारी कामात गुणवत्ता आणि किंमत दोन्ही धरून सल्लागार निवडतात, तिथेही हीच पहिली पद्धत असते.

मग आम्ही काय केलं? फॉर्म्युला लिहून तिघांना कळवला आणि बंद पाकिटात नवी कोटेशन मागवली. तीन आठवडे गेले, मॅनेजर वैतागला. पुन्हा क च आली.

या वेळी रिपोर्टमध्ये दोन गोष्टी वाढवल्या. एक, प्रत्येक गुणाशेजारी पुरावा. "सपोर्ट ९०" एवढंच नाही, तर किती तिकिटं टाकली आणि उत्तर किती वेळात आलं. दुसरी, वजन हलवून बघणं. आधीच्याच आकड्यांवर करून बघा: ओटीपीचे १० टक्के काढून किंमतीला दिले, म्हणजे ४०, ४०, २०, तर ब ७८ आणि क सुद्धा ७८. बरोबरी! म्हणजे क ची आघाडी किंमतीचं वजन ४० होईपर्यंतच टिकते. हे लपवायचं नाही, रिपोर्टमध्ये लिहायचं. आणि पुढे हेही लिहायचं, की आपण किंमतीला ३० च का दिले: ओटीपी उशिरा आला की युजर लॉगिनवरच अडकतो, आणि ते नुकसान पाच पैशांपेक्षा मोठं आहे.

नंतर ब च्या प्रतिनिधीचा फोन आलाच. "आम्ही स्वस्त होतो, मग का नाही?" मी त्यांचे स्वतःचे गुण आणि त्यामागचा पुरावा वाचून दाखवला. ते म्हणाले, "ठीक आहे, पुढच्या वेळी सपोर्ट सुधारून येतो."

तुम्ही असा रिपोर्ट लिहिणार असाल, तर पाकिटं उघडायच्या आधी ती शीट बनवा. किंमतीचा कॉलम रिकामा, फॉर्म्युला मात्र टाकलेला. आणि ती शीट त्याच दिवशी सगळ्या टीमला मेल करा. तारीख मेलवर राहते.

भेटू पुढच्या भागात!