इच्छा कमी झाली, पण कधीपासून?

आज आपण जरा आडपडद्यातल्या विषयावर बोलणार आहोत. शरीरसंबंधाची इच्छाच होत नाही, असं सांगत बऱ्याच बायका आमच्याकडे येतात. अशा वेळी आमचा पहिला प्रश्न असतो, "कधीपासून?"

समजा, चौतीस वर्षांची एक बाई आहे. दीड वर्षापूर्वी तिला नैराश्य आलं. झोप उडाली, कशातच मन लागेना, तशी नवऱ्याच्या जवळ जाण्याची इच्छाही कमी झाली. डॉक्टरांनी एस्सिटालोप्रामची दहा मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. दीड-दोन महिन्यांत झोप आणि हुरूप परत आला, पण इच्छा आली नाही. उलट पूर्वी मिळणारं सुखही आता मिळेनासं झालं. नवऱ्याला वाटतं, हिचं मन माझ्यावरून उडालं.

इथे तारखा जुळवल्या की उलगडा होतो. आजारानेही इच्छा जाते, पण आजार उतरल्यावर ती परतायला हवी होती. तशी ती परतली नाही आणि तृप्तीही लांबली, म्हणजे संशय गोळीवर जातो. या जातीच्या गोळ्यांचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे.

तरीही आम्ही एवढ्यावर थांबत नाही. पाळी अनियमित आहे का, मूल अंगावर पीत नसताना छातीतून दूध येतं का, हे विचारतो. तसं असेल तर प्रोलॅक्टिन तपासतो. थकवा असेल, वजन वाढलं असेल, तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन पाहतो. संबंधाच्या वेळी दुखतं का, हेही विचारतो, कारण दुखण्याच्या भीतीनेही इच्छा मरते. मग तिच्याशी एकटीशी बोलतो. घरात भांडण किंवा जबरदस्ती असेल, तर त्यावर गोळी हा उपाय नाही.

या बाईच्या बाबतीत यातलं काही निघालं नाही. मग गोळी बंद करायची का? मनाने मुळीच नाही. एकदम सोडली तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात झिणझिण्या येतात आणि नैराश्य उलटू शकतं. ज्यांनी गोळी दिली, त्याच डॉक्टरांना सांगायचं. ते मात्रा हळूहळू कमी करून पाहतात, किंवा बुप्रोपिऑन, मिर्टाझापीन अशा गोळीवर नेतात. त्यांचा इच्छेवर सहसा कमी परिणाम होतो. मात्र फिट येणाऱ्या बाईला बुप्रोपिऑन देत नाहीत. बदल जाणवायला काही आठवडे लागतात आणि तेवढ्यात मन पुन्हा खचत नाही ना, यावर लक्ष ठेवावं लागतं.

नवऱ्यालाही आम्ही तिच्या परवानगीने बोलावतो आणि हा गोळीचा परिणाम आहे, हे समजावतो.

आणखी एक. इच्छा कमी आहे, पण बाईला स्वतःला त्याचा त्रास नाही, तर तो आजार नव्हे. दवाखान्यात येताना मात्र चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा. कोणती गोळी कधी सुरू झाली, तेही लिहून आणा.